मंजुरीच्या रांगेतले देयक : एका जाहिरात एजन्सीच्या वित्त विभागास खुले पत्र

प्रति,
वित्तप्रमुख व लेखा विभाग,
मुंबईतील एक जाहिरात एजन्सी

दिनांक : ७ डिसेंबर २०२४

विषय : मराठी रूपांतराच्या कामाचे ८४,००० रुपयांचे देयक अंतर्गत मंजुरीतून मोकळे करण्याबाबत

महोदय,

बाहेरून आलेले देयक रक्कम अदा होण्यापूर्वी एजन्सीच्या आतील काही व्यक्तींनी तपासून मंजूर करावे, ही व्यवस्था योग्य आहे आणि तिच्याविषयी या पत्रात कोणतीही तक्रार नाही. न झालेल्या कामाचे पैसे जाऊ नयेत, एकाच कामाचे देयक दोनदा भरले जाऊ नये आणि ठरल्यापेक्षा अधिक रक्कम मागितली गेली असेल तर ती वेळीच लक्षात यावी, एवढ्यासाठी ही तपासणी असते. मात्र तपासणीला लागणारा वेळ हा एजन्सीचा अंतर्गत वेळ आहे आणि देणे चुकते करण्याची मुदत त्या वेळेवर अवलंबून नाही, हे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ या कायद्याने अठरा वर्षांपूर्वीच स्पष्ट केले आहे. प्रस्तुत देयकाच्या बाबतीत हा भेद पुसला गेला असून, मंजुरीची रांग संपल्यावरच मुदत मोजावयाची असते अशा समजुतीने आपल्या विभागाचा पत्रव्यवहार चाललेला दिसतो.

ज्या कामाचे हे देयक आहे ते एका वित्तसंस्थेच्या जाहिरातमोहिमेचे मराठी रूपांतर होय. त्यात चित्रफितींच्या संहिता, वृत्तपत्रीय जाहिरातींचा मजकूर आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी उच्चार व लय तपासण्यासाठी अनुवादकाची स्टुडिओतील उपस्थिती, एवढी कामे अंतर्भूत होती. पुण्यातील एका मुक्त अनुवादकाने, म्हणजे कोणत्याही संस्थेत नोकरी न करता कामागणिक मोबदला घेणाऱ्या व्यावसायिकाने, हे काम केले. शेवटची फाईल ८ जुलै २०२४ रोजी सुपूर्द झाली आणि त्याच दिवशी देयकही ई-मेलने पोहोचले. पीओत, म्हणजे एजन्सीने काम देताना काढलेल्या खरेदी-आदेशात, देयक मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम अदा करण्याची अट आहे. त्या हिशेबाने शेवटची तारीख ७ ऑगस्ट होती. त्यानंतर चार महिने लोटले, मोहीम प्रसारित होऊन संपली, आणि देयकाची स्थिती विचारली असता प्रत्येक वेळी ते ‘अप्रूव्हलमध्ये आहे’ एवढेच उत्तर आले.

हे उत्तर कशामुळे येते हे समजण्यासाठी एजन्सीतील देयकाचा प्रवास थोडा तपशिलाने पाहावा लागतो. क्लायंट सर्व्हिसिंग विभाग, म्हणजे ग्राहक कंपनीशी नित्य संपर्क ठेवणारे लोक, प्रत्येक कामाला एक जॉब नंबर देतात आणि त्या कामाचा अंदाजित खर्च ग्राहकाकडून मंजूर करून घेतात. या खर्चपत्रकाला एस्टिमेट म्हणतात, आणि त्याच्या मर्यादेत राहून बाहेरच्या व्यावसायिकाच्या नावाने पीओ निघतो. काम पूर्ण झाले की ज्याने ते करवून घेतले तो कर्मचारी संगणकप्रणालीत तशी नोंद करतो. देयक आल्यावर लेखा विभाग पीओ, काम पूर्ण झाल्याची नोंद आणि देयक ही तीन कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहतो. तिन्हींतील रक्कम जुळली तर देयक पुढे सरकते आणि हिशेबाच्या वहीत त्याची नोंद होते; रक्कम जुळली नाही तर प्रणाली ते आपोआप थांबवते आणि खर्च मंजूर करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे अशा वरिष्ठाच्या खात्यात निर्णयासाठी पाठवते.

प्रस्तुत देयक याच ठिकाणी थांबले आहे. मूळ पीओ ७२,००० रुपयांचा होता. पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर ग्राहकाने दोन वाक्ये बदलली, त्यामुळे दुसरे ध्वनिमुद्रण करावे लागले, आणि त्यासाठीच्या उपस्थितीचे व पुनर्लेखनाचे १२,००० रुपये अधिक होतील हे क्लायंट सर्व्हिसिंग विभागाने ई-मेलने मान्य केले. तो ई-मेल देयकासोबत जोडलेला आहे. परंतु पीओत मात्र ही वाढ कोणी नोंदवली नाही, म्हणून ७२,००० च्या पीओसमोर ८४,००० चे देयक उभे राहिले आणि प्रणालीने ते अडवले, जे तिचे कामच होते. पुढचा भाग अधिक खेदाचा आहे. आपल्याच विभागातील एका कर्मचाऱ्याने नोव्हेंबरमध्ये सौजन्याने कळवल्याप्रमाणे हे देयक ज्या वरिष्ठाच्या खात्यात निर्णयासाठी गेले, त्यांनी सप्टेंबरमध्ये एजन्सी सोडली, आणि त्यांच्या जागी मंजुरीचा अधिकार अन्य कोणाच्या नावे वळवला गेला नाही. याचा अर्थ असा की दोन महिन्यांहून अधिक काळ या देयकाविषयी कोणीही विचार करत नसून, जे खाते आता कोणी उघडत नाही अशा खात्यात ते पडून आहे. ज्याला ‘मंजुरी प्रलंबित’ म्हटले जाते त्यात मंजुरी द्यावी की देऊ नये असा प्रश्नच कोणासमोर आलेला नाही.

देयक नेमके कोणत्या टप्प्यावर अडले आहे हे बाहेरच्या माणसालाही एका सरकारी नोंदीवरून बऱ्यापैकी ओळखता येते, आणि ही गोष्ट अनेक मुक्त व्यावसायिकांना ठाऊक नसल्यामुळे येथे सांगणे उपयोगी ठरेल. व्यावसायिक सेवेच्या मोबदल्यातून एजन्सीने १० टक्के कर उगमस्थानी कापून सरकारजमा करावयाचा असतो, त्याला टीडीएस म्हणतात. हा कर रक्कम प्रत्यक्ष देताना किंवा ती व्यावसायिकाच्या खाती जमा म्हणून वहीत नोंदवताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कापावा लागतो. म्हणून देयक मंजूर होऊन वहीत नोंदले गेले असेल आणि केवळ पैसे पाठवायचे राहिले असतील, तर पैसे मिळण्यापूर्वीच त्या कराची नोंद व्यावसायिकाच्या फॉर्म २६ एएसमध्ये, म्हणजे आयकर विभाग प्रत्येक करदात्याच्या नावे ठेवतो त्या करविवरणात, दिसू लागते. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे टीडीएस विवरण भरण्याची मुदत ३१ ऑक्टोबर होती. प्रस्तुत अनुवादकाच्या फॉर्म २६ एएसमध्ये आपल्या एजन्सीने त्या तिमाहीत कापलेल्या कराची कोणतीही नोंद आजवर आलेली नाही. त्यावरून एवढा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी की हे देयक पैशांच्या प्रतीक्षेत नाही. ते अद्याप आपल्या वहीतच शिरलेले नाही, आणि ज्या कामावरून मोहीम उभी राहिली त्याचा खर्च आपल्या सहामाही हिशेबात बहुधा आलेलाच नाही.

कायदा या टप्प्यांकडे पाहतच नाही. २००६ च्या अधिनियमाचे कलम १५ असे सांगते की सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून वस्तू किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे दिले पाहिजेत, आणि ही ठरलेली मुदतही स्वीकृतीच्या दिवसापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. लेखी काहीच ठरले नसेल तर हा अवधी १५ दिवसांचा असतो. उद्यम या नोंदणीखाली नोंदलेला एकटा अनुवादकदेखील या कायद्याच्या दृष्टीने सूक्ष्म उद्योग असतो, आणि प्रस्तुत अनुवादकाची नोंदणी हे काम स्वीकारण्यापूर्वीची असून तिचा क्रमांक देयकावर छापलेला आहे. (काम झाल्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या व्यवहाराला मिळत नाही, अशी न्यायालयांची भूमिका राहिली असल्यामुळे ही तारीख महत्त्वाची ठरते.) येथे सर्वांत लक्षपूर्वक वाचावी अशी गोष्ट म्हणजे स्वीकृतीची व्याख्या होय. सेवा प्रत्यक्ष दिली गेली तो दिवस हा स्वीकृतीचा दिवस. घेणाऱ्याने त्यानंतर १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली तर ती हरकत दूर होईल तो दिवस. आणि अशी हरकत घेतलीच नाही तर पुन्हा सेवा दिली गेली तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. या तीन वाक्यांत अंतर्गत मंजुरीचा उल्लेख कोठेही नाही, आणि तो अनवधानाने राहिलेला नाही असे म्हणण्यास पुरेसा आधार याच व्याख्येत आहे. तपासणीसाठी एजन्सीला अवधी हवा हे कायद्याने ओळखले आहे आणि त्यासाठी तिला १५ दिवस दिले आहेत. या अवधीत तिने काय करावयाचे हेही सांगितले आहे : काही चुकले असेल तर लेखी कळवावे.

८ जुलैपासून १५ दिवस, म्हणजे २३ जुलैपर्यंत, रूपांतराच्या दर्जाविषयी, रकमेविषयी किंवा अधिकच्या १२,००० रुपयांविषयी एजन्सीकडून कोणतीही लेखी हरकत आली नाही. त्यामुळे काम ८ जुलै रोजीच स्वीकारले गेले असे कायदा मानतो. ठरलेली तारीख ७ ऑगस्ट ही होतीच, आणि ती बाजूला ठेवली तरी ४५ दिवसांची अंतिम मर्यादाही २२ ऑगस्टला संपली.

ग्राहक कंपनीकडून पैसे आले नाहीत, म्हणून पुढे देता येत नाहीत, असे कारण जाहिरात व्यवसायात वारंवार दिले जाते आणि तोंडी बोलण्यात याही प्रकरणी ते सूचित झाले होते. त्यामागील अडचण खरी असू शकते, कारण मोठ्या ग्राहक कंपन्या एजन्सींना दीर्घ मुदतीने पैसे देतात आणि तेवढा काळ खर्च एजन्सीलाच सोसावा लागतो. तथापि अनुवादकाचा करार ग्राहक कंपनीशी नाही, तिने एजन्सीला केव्हा पैसे दिले हे जाणून घेण्याचा मार्ग त्याच्यापाशी नाही, आणि कलम १५ मध्ये या कारणास्तव कोणतीही सवलत नाही; उलट कलम २४ अन्वये या तरतुदी त्यांच्याशी विसंगत अशा अन्य कायद्यांवरही वरचढ ठरतात. शिवाय ग्राहकाकडून येणारी रक्कम वाट पाहण्याजोगी असली, तरी ती वाट पाहण्याचे आर्थिक बळ एजन्सीकडे आहे की घरभाडे व विजेचे देयक दरमहा भरणाऱ्या एकट्या व्यावसायिकाकडे, याचे उत्तर वित्त विभागाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

विलंबाची किंमत किती, तेही मोजून पाहता येते. कलम १६ प्रमाणे मुदत उलटल्यानंतरच्या काळासाठी रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते, आणि करारात काहीही लिहिलेले असले तरी हे दायित्व टळत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून या पत्राच्या दिनांकापर्यंत बँक दर ६.७५ टक्के राहिला आहे. त्याची तिप्पट २०.२५ टक्के, म्हणजे महिन्याला १.६८७५ टक्के होते. ८ ऑगस्टपासून आजपर्यंतच्या चार महिन्यांत ८४,००० रुपयांवर या दराने सुमारे ५,८१५ रुपये व्याज झाले आहे. कलम २३ अन्वये हे व्याज आयकरासाठी खर्च म्हणून वजा दाखवता येत नाही, त्यामुळे ते पूर्णतः एजन्सीच्या नफ्यातून जाते. याखेरीज २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये जोडलेला एच हा खंड १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला असून, त्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे जे देणे कलम १५ च्या मुदतीत दिले गेले नाही, ते ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा होते. हे देयक ३१ मार्च २०२५ नंतरही रांगेत राहिले, तर चालू वर्षाच्या उत्पन्नातून ८४,००० रुपये वजा होणार नाहीत, आणि २५ टक्क्यांच्या आसपास कर भरणाऱ्या कंपनीला त्यापोटी सुमारे २१,००० रुपये कर आधी भरावा लागेल. एका देयकापुरती ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु एजन्सी सोडून गेलेल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या खात्यात एकच देयक पडून असण्याची शक्यता कमी असते, आणि अशी सर्व देयके एकत्र मांडली तर ती रक्कम वित्तप्रमुखांना निश्चितच लक्षणीय वाटेल.

आणखी एक जबाबदारी येथे गुंतलेली आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे ४५ दिवसांहून अधिक थकले असेल तर कंपनीने त्याचा तपशील, विलंबाच्या कारणासह, एमएसएमई-१ या सहामाही विवरणात कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे द्यावयाचा असतो, आणि एप्रिल ते सप्टेंबर या कालावधीचे विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत अपेक्षित होते. वहीत न नोंदलेले देयक अशा विवरणात येणे कठीण असते. ते आले आहे की नाही हे एजन्सीने स्वतः तपासून पाहावे. येथे त्याविषयी आरोप नाही, केवळ रांगेत अडकलेला कागद विभागाच्या दृष्टीआड राहिल्याने होणाऱ्या परिणामाकडे लक्ष वेधले आहे.

या अडचणीतून मार्ग काढणे अवघड नाही आणि त्यासाठी नियम मोडावे लागत नाहीत. ७२,००० रुपयांच्या मूळ पीओविषयी कोणताच प्रश्न नाही, तेव्हा तेवढ्या रकमेला मंजुरी देऊन ती वहीत नोंदवता येईल आणि १० टक्के टीडीएस वजा जाता ६४,८०० रुपये लगेच अदा करता येतील. उरलेल्या १२,००० रुपयांसाठी पीओत दुरुस्ती करून, मान्यतेचा तो ई-मेल आधार म्हणून जोडून, दुसरी मंजुरी घेता येईल. लेखा विभागाला सोयीचे होणार असेल तर अनुवादक याच कामाची दोन स्वतंत्र देयके देण्यास तयार आहे, मात्र त्यांवरील दिनांक आणि मुदतीची गणना मूळ देयकाप्रमाणेच राहिली पाहिजे. ही अट येथे मुद्दाम घातली आहे. देयक रद्द करून आजच्या तारखेचे नवे पाठवा, असे अशा वेळी सहजपणे सुचवले जाते, आणि ते मान्य केले की झालेला सर्व विलंब कागदावरून नाहीसा होतो व ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यासारखे दिसतात. अन्य मुक्त व्यावसायिकांनीही अशी विनंती आल्यास जुन्या देयकाचा क्रमांक व दिनांक नव्यावर नोंदवल्याशिवाय ती स्वीकारू नये.

एजन्सी सोडून गेलेल्या अधिकाऱ्याच्या खात्यातील मंजुऱ्यांसाठी पर्यायी अधिकारी नेमणे हे काम लेखा विभाग व संगणकप्रणाली सांभाळणारा विभाग मिळून एका दिवसात करू शकतात. कर्मचारी कार्यमुक्त होताना त्याचा संगणक, ओळखपत्र आणि आगाऊ रकमा परत घेण्याची जी यादी मनुष्यबळ विभागाकडे असते, त्या यादीत प्रलंबित मंजुऱ्या कोणाकडे वळवल्या हा रकाना घातला, तर असे प्रकरण पुन्हा उद्भवण्याचे मुख्य कारण दूर होईल.

कायद्याने तक्रारीचा मार्गही दिला आहे. कलम १८ नुसार पुरवठादाराला आपल्या भागातील फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या देण्यांचे वाद सोडवण्यासाठी राज्य शासनाने नेमलेल्या परिषदेकडे, अर्ज करता येतो आणि देणेकरी भारतात कोठेही असला तरी ही परिषद प्रकरण हाती घेऊ शकते. तिच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जायचे झाल्यास देणेकऱ्याला निर्णयातील रकमेच्या ७५ टक्के आधी जमा करावे लागतात. कायद्यात निर्णयासाठी ९० दिवस सांगितले असले तरी व्यवहारात बऱ्याच प्रकरणांना त्याहून अधिक काळ लागतो, हे अनुवादकाला ठाऊक आहे. त्याला परिषदेत जाण्याची घाई नाही, आणि ज्या क्लायंट सर्व्हिसिंग विभागाने त्याच्याशी सौजन्याने काम केले त्याच्याशी संबंध बिघडावेत अशीही त्याची इच्छा नाही. याच संकोचामुळे बहुतेक मुक्त व्यावसायिक आपल्या देण्याविषयी लेखी बोलत नाहीत. विलंब टिकून राहतो तो प्रामुख्याने या मौनामुळे, आणि म्हणूनच हे पत्र खुले आहे.

आपल्या एजन्सीची देणी दर महिन्याच्या १० व २५ तारखेला दिली जातात. तेव्हा १० डिसेंबरला ७२,००० रुपयांची रक्कम टीडीएस वजा करून अदा करावी, २५ डिसेंबरपूर्वी पीओत दुरुस्ती करून त्या दिवशी उरलेले १२,००० रुपये द्यावेत, आणि कलम १६ प्रमाणे होणाऱ्या व्याजाविषयीचा आपला निर्णय त्याच सुमारास लेखी कळवावा, अशी विनंती आहे. अनुवादकाचा व्हेंडर कोड, पॅन, उद्यम प्रमाणपत्र आणि बँक खात्याचा तपशील आपल्या प्रणालीत कामाच्या आरंभीच तपासून घेतलेला आहे. त्यासाठी नव्याने कोणतेही कागद लागणार नाहीत.

कळावे,
एक मुक्त अनुवादक, पुणे